पाण्याचा निरोप फोनवर: ग्रुपवरचा मजकूर कानासाठी लिहिताना (प्रकल्प नोंदी)

३ मार्च २०२५, सोमवार

कामाची व्याप्ती ठरली. नगरपालिकेच्या पाणी विभागाच्या सूचना आजवर प्रभागांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या जातात. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांना त्याच सूचना आता ध्वनिमुद्रित फोनवरून द्यायच्या आहेत. आवाज माणसाचाच असेल, एका बैठकीत मुद्रित केलेला. फोन आपोआप लागेल, निरोप वाजेल आणि एक दाबलं की पुन्हा वाजेल.

मजकुराला दोन मर्यादा आहेत. पहिली वेळेची. बिल ३० सेकंदांच्या पल्सवर होतं, म्हणून निरोप ३० सेकंदांच्या थोडा पुढे गेला तरी पैसे ६० सेकंदांचे लागतात. शांतपणे वाचलं तर ३० सेकंदांत ६० ते ६५ मराठी शब्द बसतात. घाईनं ८० बसवता येतात, पण ते ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. तेव्हा निरोप एकतर ६० शब्दांच्या आत बसवायचा, नाहीतर दुसरी पल्स मोकळेपणानं वापरायची. ३३ सेकंदांचा निरोप सगळ्यात वाईट, कारण त्यात घाईही होते आणि पैसेही जातात.

दुसरी मर्यादा जास्त मोठी आहे. ग्रुपवरचा मजकूर डोळा हवा तसा चाळतो: तारीख शोधतो, आपला प्रभाग शोधतो, बाकीचं सोडून देतो. कानाला ही सोय नाही. शब्द ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं धरून ठेवावे लागतात. पुढच्या सगळ्या बदलांचं मूळ इथे आहे.

५ मार्च २०२५, बुधवार

नमुना म्हणून २० मार्चच्या पाणीबंदीची सूचना घेतली. ग्रुपसाठी तयार झालेला मसुदा असा (सुरुवातीची कर्ण्यांची आणि शेवटची नमस्काराची चित्रं वगळून):

> *महत्त्वाची सूचना* सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या (४५० मि.मी.) तातडीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवार दि. २०/०३/२०२५ रोजी प्रभाग क्र. ३, ४ व ७ मधील स. ६ ते ९ या वेळेत होणारा पाणीपुरवठा होऊ शकणार नाही. तसेच शुक्रवार दि. २१/०३ रोजी पाणीपुरवठा उशिरा/कमी दाबाने होईल. तरी नागरिकांनी पुरेसा पाणीसाठा करून सहकार्य करावे. अधिक माहितीसाठी खालील नंबरवर संपर्क साधावा.

वाचायला यात काही खटकत नाही, कागदी मराठीची ही ओळखीची घडण आहे. मोठ्यानं वाचून पाहिलं की पहिल्या वाक्याची अडचण कळते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे येतो. ‘सर्व नागरिकांना’पासून ‘नाही’पर्यंत जवळपास ४० शब्द जातात. इतका वेळ ऐकणाऱ्याला जलवाहिनी, दुरुस्ती, तारीख, तीन प्रभाग आणि वेळ हे सगळं डोक्यात धरून बसावं लागतं, आणि पाणी येणार की जाणार हे शेवटच्या शब्दावर ठरतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तर बातमीच गेली.

यावर साधा उपाय म्हणजे वाक्य तोडून बातमी असलेलं क्रियापद पहिल्या छोट्या वाक्यात आणणं: ‘गुरुवारी पाणी येणार नाही.’ कुठे, का आणि काय करायचं याची प्रत्येकी वेगळी वाक्यं. ‘असल्याने’, ‘करून’, ‘तरी’, ‘की’ ही जोडणारी रूपं दिसली की तिथे वाक्य तुटतं का ते आधी पाहायचं. बहुतेक वेळा तुटतं. आठ-दहा शब्दांहून लांब वाक्य निरोपात ठेवायचं तर त्याला कारण हवं.

७ मार्च २०२५, शुक्रवार

‘येणार नाही’चा आणखी एक धोका फोनवर ऐकताना दिसला. वाक्य संपताना आवाज आपसूक खाली उतरतो आणि नेमका ‘नाही’ तिथेच येतो. बोलताना त्याचं ‘नाय’ होतं. फोनच्या ओळीत थोडी खरखर असली तर ‘गुरुवारी पाणी येणार’ एवढंच पोचतं, म्हणजे अर्थ उलटा.

म्हणून नकार ज्या शब्दाच्या पोटातच आहे असा शब्द आधी वापरायचा: ‘गुरुवारी पाणी बंद.’ ‘बंद’ तुटक आणि ठसठशीत उच्चारला जातो. लगेच तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची: ‘नळाला पाणी येणार नाही.’ एक हुकलं तर दुसरं सापडतं. लेखनात हा पाल्हाळ वाटेल, निरोपात तो लागतो. ‘पाणीपुरवठा बंद राहणार नाही’ अशी दुहेरी वाक्यं मात्र कुठल्याही सूचनेत आली तरी सरळ उलटवायची: ‘पाणी नेहमीप्रमाणे येईल.’

आजच क्रियापदांची रूपंही ठरवून टाकली. ‘केले’, ‘असे’, ‘दाबाने’, ‘दिवसांचे’ हे कागदावर जसंच्या तसं लिहिलं की वाचणारा एकारान्त वाचतो आणि निरोप सरकारी नोटीस वाटू लागतो. वाचनाच्या प्रतीत ‘केलं’, ‘असं’, ‘दाबानं’, ‘दिवसांचं’ असंच लिहायचं. वाचणाऱ्यावर सोडायचं नाही. एका ओळीत ‘केले’ आणि पुढच्या ओळीत ‘केलं’ आलं तर आवाज सारखा बदलत राहतो.

‘करावे’, ‘घ्यावी’, ‘साधावा’ यांच्या जागी ‘करा’, ‘घ्या’, ‘साधा’. ‘भरून ठेवा’ हे आदरार्थीच आहे, त्यासाठी वेगळा ‘कृपया’ लागत नाही. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांतला एकच घ्यायचा. आमच्या गावात ‘तुम्ही’ पुरेसा आदराचा आहे, ‘आपण’मध्ये आम्ही-तुम्ही मिळून असाही अर्थ निघतो, म्हणून ‘तुम्ही’.

‘मी बोलतोय’ किंवा ‘बोलतेय’ टाळलं. आवाज बाईचा की पुरुषाचा त्यावर रूप बदलतं, आणि आवाज बदलला की सगळे मजकूर पुन्हा तपासावे लागतात. ‘हा निरोप पाणी विभागाचा आहे’ यात तो प्रश्न येत नाही.

१० मार्च २०२५, सोमवार

दिवस, तारीख आणि वेळ. या निरोपात चूक झाली तर इथेच होणार, म्हणून याला वेळ दिला.

आमचा सर्व्हर ८ किलोहर्ट्झचा आवाज पाठवतो. अशा फोनच्या ओळीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट पोचतो. ‘स’चा सळसळता भाग बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून तो फोनवर पुसट होतो. मग ‘सहा’ आणि ‘दहा’ जवळजवळ सारखे ऐकू येतात, ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ही एकमेकांत मिसळतात. ‘वीस’ आणि ‘तीस’ यांच्यात तर फरकच पहिल्या व्यंजनाचा. ओळीतून काय पोचणार हे कार्यालयातच ऐकून पाहायला मुद्रण असं बदलून घ्यायचं:

```
ffmpeg -i nirop.wav -af "highpass=f=300,lowpass=f=3400" -ar 8000 -ac 1 -c:a pcm_s16le phone.wav
```

ही फाइल संगणकाच्या चांगल्या स्पीकरवर न ऐकता फोन कानाला लावून ऐकायची, नाहीतर फरक लपतो.

आकड्याला आधार हवा. आकडा एकटा सोडायचा नाही, तो चुकीचा ऐकू आला तर शेजारच्या शब्दानं पकडला गेला पाहिजे. ‘वीस तारखेला’ एकटं धोक्याचं, ‘गुरुवारी, वीस तारखेला’ सुरक्षित, कारण मार्चची तीस तारीख रविवारी आहे. ‘सहा ते नऊ’ ठीक आहे, ‘दहा ते नऊ’ असं कुणी समजणार नाही. पण ‘सहा ते अकरा’ असेल तर ‘दहा ते अकरा’ही पटतं, आणि ‘सकाळी’ या शब्दानं काही सुटत नाही, दोन्ही सकाळीच. तिथे ‘उजाडताच, सहा वाजता’ असं लिहायचं.

तारीख कधीही ‘वीस शून्य तीन’ अशी वाचायची नाही. ‘दि.’ आणि ‘रोजी’ दोन्ही काढायचे. वर्षही काढायचं. महिना या फोनमध्ये लागत नाही, कारण निरोप दोन दिवसांत जुना होतो.

‘परवा’ हा शब्द पूर्ण वर्ज्य. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही, आणि कोणता ते पुन्हा शेवटच्या क्रियापदावरून कळतं. ‘उद्या’ही एकटा नको. न उचललेला फोन सर्व्हर पुन्हा लावतो. तो दुसऱ्या दिवशी लागला तर ‘उद्या’ खोटा ठरतो. वार आधी, मग तारीख, मग हवं तर ‘उद्या’.

वेळेसाठी सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच निःशंक वापरायचे. ‘१०.३०’ला ‘दहा तीस’ म्हटलं की रेल्वे स्थानकाची घोषणा वाटते, ‘साडेदहा’ घरचं वाटतं. रकमेत मात्र थोडं जपून. ‘अडीचशे’, ‘दीड हजार’ सगळ्यांना कळतात. ‘पावणेतीनशे’ ऐकून तरुण मंडळी हिशोब करत बसतात, तिथे ‘दोनशे पंच्याहत्तर’ बरं. भरायची रक्कम ‘साडेबाराशे’ असेल तर एकदा तशी आणि एकदा ‘बाराशे पन्नास’ अशी सांगायची.

१२ मार्च २०२५, बुधवार

भागांची नावं. प्रभाग क्रमांक निवडणुकीपुरते लोकांना ठाऊक असतात, पाण्याच्या बाबतीत माणूस ‘बाजारपेठेत राहतो’ किंवा ‘जुन्या टाकीखाली राहतो’. म्हणून क्रमांक काढून तीन भागांची बोलीतली नावं घेतली.

फोनची यादी प्रभागवार आहे, मग भाग सांगायचाच कशाला, नुसतं ‘तुमच्या भागात’ म्हटलं तर शब्द वाचतील असा मुद्दा निघाला. तो टिकत नाही. यादीतले बरेच नंबर नळजोडणीच्या वेळी दिलेले आहेत आणि घरमालक किंवा मुलगा आज पुण्या-मुंबईत असतो. त्याला ‘तुमच्या भागात’ म्हणजे तिथला भाग वाटतो. भागाचं नाव ऐकलं की तो गावी आईला फोन करतो. नाव राहणार.

दुरुस्तीचं कारण एका वाक्यात ठेवलं. कारण नसलं की लोक कार्यालयात फोन करून विचारतात. पण ‘४५० मि.मी.’ काढलं. पाइप केवढा आहे यानं कुणाच्या हंड्यात फरक पडत नाही, आणि आकडा मात्र कानात अडकून बसतो. निरोपात आकडे जितके कमी तितके उरलेले नीट ऐकले जातात.

‘उशिरा/कमी दाबाने’ मधली तिरकी रेघ वाचता येत नाही. तिचा अर्थ ‘किंवा’ की ‘आणि’ हे पाणी विभागालाच विचारावं लागलं. उत्तर ‘आणि’ निघालं. कंस, तिरकी रेघ आणि ‘इ.’ दिसले की लिहिणाऱ्याला विचारायचं, अंदाज करायचा नाही.

‘खालील नंबर’ अर्थातच गेला, फोनमध्ये खाली काही नसतं. ‘वरील’, ‘सोबतचा फोटो’, ‘इथे क्लिक करा’ यांचंही तेच. दहा आकडी नंबर ऐकून लिहून घ्यायला हाताशी पेन लागतं, ते नसतं. नंबर सांगण्याऐवजी ‘याच नंबरवर फोन करा’ असं म्हणता येईल अशी सोय सर्व्हरवर करून घेतली, येणारा फोन पाणी विभागाकडे वळतो.

सर्वांत महत्त्वाचा बदल मजकुराबाहेरचा निघाला. मूळ सूचनेत ‘पुरेसा पाणीसाठा करा’ आहे, कधी ते नाही. पाणी रोज सकाळी सहा ते नऊ येतं. निरोप बुधवारी संध्याकाळी पोचला तर भरायला पाणीच नाही. म्हणून निरोप मंगळवारी १८ तारखेला संध्याकाळी जाणार आणि त्यात बुधवार सकाळचा स्पष्ट उल्लेख असणार. पुन्हा लावण्याची मुदत मंगळवारी रात्री नऊला संपेल. बुधवारी ज्यांना लावायचा त्यांच्यासाठी ‘भरून ठेवा’ नसलेला दुसरा मजकूर.

मंगळवारचा मजकूर, वाचनाच्या प्रतीप्रमाणे, एका ओळीत एक वाक्य:

> नमस्कार. हा निरोप नगरपालिकेच्या पाणी विभागाचा आहे.
> गुरुवारी पाणी बंद.
> गुरुवारी, वीस तारखेला, नळाला पाणी येणार नाही.
> बाजारपेठ, स्टेशन रोड आणि जुनी टाकी, या तीन भागांत.
> मोठी पाइपलाइन दुरुस्त करायची आहे.
> बुधवारी, उद्या सकाळी, नेहमीसारखं पाणी येईल.
> तेव्हाच दोन दिवसांचं पाणी भरून ठेवा.
> शुक्रवारी पाणी येईल, पण उशिरा येईल आणि कमी दाबानं येईल.
> काही विचारायचं असेल, तर याच नंबरवर फोन करा.
> हा निरोप पुन्हा ऐकायचा असेल, तर एक दाबा.

सत्तरच्या आसपास शब्द आहेत आणि मधले विराम धरून वाचन ४० सेकंदांच्या आसपास जातं. दुसरी पल्स लागतेच आहे, म्हणून शब्द कापत बसलो नाही. ‘उशिरा येईल आणि कमी दाबानं येईल’ यात ‘येईल’ मुद्दाम पुन्हा आहे. ‘उशिरा आणि कमी दाबानं येईल’ हे कागदावर नीटस, पण कानाला एका वेळी एकच गोष्ट हवी.

पहिली ओळ अशासाठी की उचलणारा ‘हॅलो, हॅलो’ म्हणत असतो आणि पहिले दोन सेकंद त्याच्याच आवाजात जातात. त्या जागी गमावलं तरी चालेल असंच काही असावं. ‘नमस्कार’पूर्वी अर्धा सेकंद शांतता आणि पहिल्या ओळीनंतर जवळपास एक सेकंदाचा विराम. ‘एक दाबा’ वाक्याच्या शेवटीच हवं. ‘एक दाबा, पुन्हा ऐकण्यासाठी’ असं केलं तर आकडा आधी येतो आणि कशासाठी ते कळेपर्यंत विसरतो.

१७ मार्च २०२५, सोमवार

मुद्रण आणि चाचणी. खोलीत पंखा बंद, खिडकीला जाड पडदा, माइक तोंडापासून एक वीत आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर माइकवर आदळत नाही. प्रत टपोऱ्या अक्षरात, एका पानावर, ओळ मोडू न देता.

वाचताना ‘गुरुवारी’ आणि ‘बंद’ यांच्यावर जोर. प्रत्येक शब्दावर जोर दिला की कुठलाच ऐकू येत नाही. भागांच्या नावांमध्ये छोटा विराम हवा, नाहीतर ‘स्टेशन रोड आणि जुनी टाकी’ हे एकच ठिकाण वाटतं.

चाचणी अशा माणसावर करायची ज्यानं मजकूर पाहिलेला नाही, आणि फोन तो काहीतरी काम करत असताना लावायचा. एकदाच ऐकवून तीन प्रश्न: पाणी कधी नाही, कुठे नाही, तुम्ही काय करणार? तिसऱ्याचं उत्तर ‘पाणी भरणार’ एवढंच आलं आणि ‘बुधवारी सकाळी’ आलं नाही, तर मजकूर अजून तयार नाही. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात.

चाचणीत एक गोष्ट निघाली. ‘जुनी टाकी’ जुन्या रहिवाशांना कळते, पण नव्या वसाहतीतल्या भाडेकरूंना नाही. तिथे ‘जुन्या टाकीचा भाग, शाळेपर्यंत’ अशी हद्द जोडली. दोन शब्द वाढले, चालतील.

२४ मार्च २०२५, सोमवार

पाणीबंदी वारंवार होते, दर वेळी नवं मुद्रण नको, म्हणून तुकडे जोडून निरोप करता येईल का ते पाहिलं. वार, तारखा आणि भाग वेगवेगळे मुद्रित करायचे आणि साच्यात बसवायचे.

मराठीत यात विभक्ती आडवी येते. ‘बाजारपेठ’ हा तुकडा तयार आहे, साच्याला हवं ‘बाजारपेठेत’. ‘टाकी’चं ‘टाकीजवळ’ होतं, ‘रोड’चं ‘रोडवर’. मूळ नावाला वेगळा मुद्रित ‘मध्ये’ जोडला तर मधे फट पडते आणि ‘बाजारपेठ, मध्ये’ असं तुटकं ऐकू येतं. म्हणून साचाच असा रचायचा की नाव मूळ रूपातच राहील: ‘भागांची नावं ऐका. बाजारपेठ. स्टेशन रोड. जुनी टाकी.’ वाराचं मात्र ‘गुरुवारी’ हे पूर्ण रूप मुद्रित करायचं. सातच वार आहेत. तारखाही ‘वीस तारखेला’ अशा पूर्ण, ३१.

दुसरी अडचण आवाजाच्या चढउताराची. यादीतलं शेवटचं नाव खाली उतरतं, आधीची वर राहतात. मधल्या जागेसाठी मुद्रित केलेला तुकडा शेवटी आला तर ऐकणारा पुढच्या नावाची वाट पाहत राहतो. प्रत्येक भागाचं नाव दोनदा मुद्रित करायचं, एकदा चढतं आणि एकदा उतरतं, आणि सर्व्हरला शेवटच्या जागी उतरतंच घ्यायला सांगायचं. सगळे तुकडे एकाच बैठकीत, एकाच अंतरावरून. दुसऱ्या दिवशीचा आवाज वेगळा लागतो.

कारणाचं वाक्य तुकड्यांत करायचं नाही. पाइप फुटणं, वीज जाणं, टाकी धुणं अशी चार-पाच कारणं आहेत, ती पूर्ण वाक्यं म्हणून मुद्रित करू.

२६ मार्च २०२५, बुधवार

तोच निरोप व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश म्हणून टाकायची मागणी आली. फोनचा मजकूर तसाच चालणार नाही. ‘एक दाबा’ आणि ‘याच नंबरवर’ जातात. पहिला रिकामा अर्धा सेकंदही नको, तिथे कुणी हॅलो म्हणत नाही. उलट महिना लागतोच, कारण संदेश पुढे पाठवला जातो आणि आठवड्यांनी दुसऱ्याच ग्रुपवर उगवतो. नगरपालिकेचं पूर्ण नाव गावासकट हवं, ‘उद्या’ पूर्ण काढायचा.

आणखी एक गोष्ट. अनेक जण आवाजी संदेश दीडपट किंवा दुप्पट वेगानं ऐकतात. वेगवान ऐकताना विराम आक्रसतात आणि शेजारचे आकडे चिकटतात. म्हणून या प्रतीत वार आणि तारीख एका वाक्यात न ठेवता दोन वाक्यांत ठेवली: ‘गुरुवारी पाणी बंद. तारीख, वीस मार्च.’ दुप्पट वेगानं वाजवून ती नीट ऐकू आली की मगच ग्रुपवर टाकायची, आणि सोबत दोन ओळींचा लेखी मजकूर द्यायचा, म्हणजे ज्यांना ऐकता येत नाही त्यांनाही निरोप मिळेल.